पांढरी वासरे की पांढरे वासरे? विशेषण तपासताना आधी नाम बघा



आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहिते. चौथीच्या वर्गाला ‘आमचा गोठा’ या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘गाईची वासरे पांढरी आहेत.’ संध्याकाळची वेळ होती, चाळीस वह्यांचा गठ्ठा होता. मी ‘पांढरी’वर लाल काट मारली आणि वर लिहिलं, ‘पांढरे’. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलाजवळ आली आणि म्हणाली, “मॅडम, पुस्तकात ‘हिरवी पाने’ असं आहे. मग माझं कसं चुकलं?”

तिचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. वासरू नपुंसकलिंगी. अनेकवचन वासरे. त्याचं विशेषण ‘पांढरी’च. ती बरोबर होती आणि पुस्तकही बरोबर होतं.

मग वाटलं, अशी चूक माझ्या हातून आधीही झाली असेल. मागच्या वह्या चाळल्या. दोन ठिकाणी मी बरोबर वाक्य चुकीचं केलं होतं आणि पाच-सहा ठिकाणी ‘पाने पिवळे पडले’, ‘फुले छोटे आहेत’ अशी चुकीची वाक्यं बरोबरची खूण करून सोडली होती. याचं कारण शोधायला गेले तेव्हा कळलं की ही फक्त घाईची चूक नाही. विशेषणाचं शेवटचं अक्षर बघून लिंग-वचन तपासायची आपली पद्धतच कच्ची आहे. माझं मत सरळ आहे: विशेषण तपासायचं असेल तर लाल पेन आधी नामाखाली फिरवा, मग विशेषणाकडे या.

जागा सात, रूपं चार

‘पांढरा’ हा शब्द घेऊ. गोठ्यातच राहू म्हणजे सोपं जाईल.

- पांढरा बैल – पांढरे बैल
- पांढरी गाय – पांढऱ्या गाई
- पांढरे वासरू – पांढरी वासरे
- पांढऱ्या बैलाला, पांढऱ्या गाईला, पांढऱ्या वासराला

तीन लिंगं आणि दोन वचनं म्हणजे सहा जागा. नामाला प्रत्यय लागला की सातवी जागा, सामान्यरूपाची. पण रूपं मोजा. पांढरा, पांढरी, पांढरे, पांढऱ्या. चारच! त्यातलं फक्त ‘पांढरा’ एकाच जागी येतं. ‘पांढरी’ म्हणजे एक गाय असेल किंवा पुष्कळ वासरे असतील. ‘पांढरे’ म्हणजे पुष्कळ बैल असतील किंवा एकच वासरू असेल. ‘पांढऱ्या’ म्हणजे अनेक गाई किंवा प्रत्यय लागलेलं कुठलंही नाम. म्हणून नुसतं विशेषण बघून ते बरोबर की चूक हे सांगताच येत नाही.

पूर्वी हे असं नव्हतं. तुमच्या घरी आजोबांच्या काळातलं एखादं जुनं पुस्तक असेल तर उघडून बघा. त्यात ‘पांढरें वासरूं’ आणि ‘पांढरीं वासरें’ असं अनुस्वार देऊन छापलेलं दिसेल. म्हणजे ‘पांढरे’ बैल आणि ‘पांढरें’ वासरू, ‘पांढरी’ गाय आणि ‘पांढरीं’ वासरें असा फरक कागदावर डोळ्यांना दिसायचा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. लिहिणाऱ्याचं ओझं हलकं झालं, ते चांगलंच झालं. ते टिंब परत आणा असं माझं म्हणणं नाही. पण नपुंसकलिंगाची कागदावरची खूण त्या टिंबाबरोबर गेली. ती आता नामाकडेच जाऊन शोधावी लागते.

नामाचा शेवटही फसवतो

इथे कुणी म्हणेल, नाम बघितलं की झालं, त्यात काय अवघड? अवघड असं की अनेकवचनी नाम बघूनही कळत नाही. ‘रस्ते’ आणि ‘पाने’ बघा. दोन्हींच्या शेवटी ‘ए’. पण ‘रस्ते मोठे’ आणि ‘पाने मोठी’. मुलाला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ते ‘पाने मोठे’ लिहितं. सुरात सूर मिळवल्यासारखं ते कानाला बरंही वाटतं.

फरक कळतो तो एकवचनात. एक रस्ता, तो रस्ता. एक पान, ते पान. म्हणून माझा पहिला नियम असा: अनेकवचन दिसलं की आधी त्याचं एकवचन करा आणि त्याला ‘तो, ती, ते’ लावा. एकवचनात ‘तो’ असेल तर अनेकवचनात ‘ते’. ‘ती’ असेल तर ‘त्या’. ‘ते’ असेल तर ‘ती’.

आता गंमत बघा. तो पांढरा, ती पांढरी, ते पांढरे. ते पांढरे, त्या पांढऱ्या, ती पांढरी. आणि प्रत्यय लागला की त्या पांढऱ्या वासराला. सगळीकडे ‘तो-ती-ते-त्या’चा स्वर विशेषणाच्या शेवटाशी जोडी जमवतो. ‘ती’ला ई, ‘ते’ला ए, ‘त्या’ला या. फक्त ‘तो’ची जोडी ‘आ’शी आहे, तेवढी पाठ करायची. दुसरीतलं मूलही हे ताल धरून म्हणतं. नपुंसकलिंग, विशेष्य, सामान्यरूप हे शब्द त्याला अजून माहीत नसले तरी चालतं.

पण आपल्या लातूर-नांदेडकडे या युक्तीला एक भोक आहे, ते लपवून चालणार नाही. आपल्याकडे बोलताना ‘लेकरं आले’, ‘ते लेकरं लई हुशार’ असं सर्रास म्हणतात. मीही म्हणते. म्हणजे ज्या जागी चूक होते, नेमक्या त्याच जागी आपला कान ‘ती’ऐवजी ‘ते’ सांगतो. माझा लाल पेन तिथेच घसरला होता. म्हणून अनेकवचनाला थेट ‘ते की ती?’ असं विचारू नका. आधी एकवचन करायलाच लावा. ‘ते लेकरू’ यात आपल्याकडेही कुणी चुकत नाही. तिथून ‘ती लेकरे’, ‘ती लेकरे हुशार आली, चांगली खेळली’ इथपर्यंत यायचं. ‘हुशार’ बदलत नाही, पण ‘चांगली’ बदलतं.

एक परिच्छेद तपासून बघू

दोन-तीन वह्यांतली वाक्यं एकत्र करून खाली एक परिच्छेद दिला आहे. आधी तुम्ही स्वतः तपासा, मग पुढे वाचा.

‘आमचं शेत मांजरा नदीजवळ आहे. बांधावर चिंचेचे मोठे झाड आहे. त्या मोठे झाडाखाली आम्ही जेवतो. आजी चुलीवरच्या गरम भाकऱ्या आणते. यंदा सोयाबीन चांगला आला. पण काही सोयाबीन पावसात भिजले आणि काळे पडले. झाडाची पाने पिवळे झाले. शेजारची काकू चांगल्या आहेत, त्या मला गूळ देतात.’

पहिलं वाक्य. ‘आमचं’वर आपल्यातले बरेच जण लाल गोल करतात. ही लिंगाची चूक नाही. शेत – ते शेत – आमचे शेत. मुलानं उच्चारातला ‘आमचं’ लिहिला, एवढंच. उलट ते टिंब सांगतं की मुलाला शेत नपुंसकलिंगी आहे हे पक्कं माहीत आहे. परीक्षेच्या निबंधात ‘आमचे’ लिही, गोष्टीतल्या आजीच्या तोंडी ‘आमचं’ चालेल, एवढं सांगायचं. इथे विशेषणाचे गुण कापू नयेत.

दुसरं वाक्य बरोबर आहे. तरी एकदा थांबा. ‘चिंचेचे’ आणि ‘मोठे’ हे दोन्ही शब्द झाडाकडे बघतात, चिंचेकडे नाही. चिंच स्त्रीलिंगी आहे म्हणून काही मुलं ‘चिंचेची मोठी झाड’ लिहितात. जवळचं नाम ओढून घेतं. अशा वेळी ‘मोठं काय आहे? चिंच की झाड?’ असं विचारलं की मूल स्वतःच दुरुस्त करतं.

तिसऱ्या वाक्यात खरी चूक आहे. झाडाला ‘खाली’ जोडलं की ‘झाडा’ झालं, म्हणून विशेषण ‘मोठ्या’. या चुकीचं मूळ मला वर्गात कळलं. ज्या मुलांच्या घरी दखनी किंवा हिंदी बोलतात ती मुलं ‘बडे झाड के नीचे’ डोक्यात धरून ‘मोठे झाडाखाली’ लिहितात आणि ‘बडी गाडी में’ धरून ‘मोठी गाडीत’ लिहितात. हिंदीत स्त्रीलिंगी विशेषण प्रत्ययापुढेही ‘बडी’च राहतं. मराठीत ते ‘मोठ्या’ होतं. या मुलांना ‘लिंग चुकलं’ म्हणून काही उपयोग नाही, कारण लिंग त्यांना बरोबर माहीत आहे. त्यांना फक्त सातवी जागा दाखवायची: नामाला शेपूट लागलं की विशेषण ‘या’ घेतं, लिंग कुठलंही असो. ‘दुसऱ्या दिवशी’, ‘पुढच्या वेळी’ यात शेपूट वेगळं दिसत नाही, तरी नियम तोच.

चौथं वाक्य बरोबर. ‘चुलीवरच्या’ हे भाकऱ्यांसाठी. ‘गरम’ बदलत नाही. पुल्लिंगी एकवचनात ज्याच्या शेवटी ‘आ’ येतो ते विशेषण बहुतेक वेळा बदलतं: पांढरा, मोठा, ताजा, पाचवा, लिहिलेला. बाकीचे गरम, लाल, कडू, सरकारी, गुलाबी तसेच राहतात. ‘गुलाबी’च्या शेवटी ई आहे म्हणून ते स्त्रीलिंगी झालं नाही. गुलाबी फेटा, गुलाबी साडी, गुलाबी फूल. तपासताना ‘आ’चं विशेषण आहे का हे आधी बघितलं की निम्मं काम कमी होतं.

पाचवं आणि सहावं वाक्य एकत्र बघा. ‘सोयाबीन चांगला आला’ आणि पुढे ‘भिजले, काळे पडले’. एकाच सोयाबीनला पहिल्या वाक्यात ‘तो’ आणि दुसऱ्यात ‘ते’. मी त्या मुलाला विचारलं, “सोयाबीन तो की ते?” तो म्हणाला, “आजोबा ‘चांगला आला’ म्हणतात, पेपरात ‘सोयाबीन भिजले’ लिहितात.” दोन्ही त्यानं खरंच ऐकलं-वाचलं होतं. बाहेरून आलेल्या शब्दांचं असंच होतं. ‘पेन’चंही तसंच, कुणाचा तो पेन, कुणाचं ते पेन. वेळ, बाग, मजा, तंबाखू या शब्दांना तर व्याकरणाच्या पुस्तकांतही दोन लिंगं दिलेली असतात. अशा शब्दांत आपण एक लिंग लादू नये. लेखी मराठीत सोयाबीन जास्त करून ‘ते’ असतं हे सांगावं, आणि एका लेखनात एकच ठेव म्हणावं. चूक आहे ती मध्येच बदलण्यात.

सातवं वाक्य म्हणजे माझीच चूक. एक पान, ते पान, ती पाने, पिवळी झाली. इथे विशेषणाबरोबर क्रियापदही सुधारावं लागतं. नुसतं ‘पिवळी झाले’ करून सोडलं तर अर्धीच दुरुस्ती होते.

आठव्या वाक्यात आदर आहे. ‘काकू चांगल्या आहेत’ यात एकाच काकूंसाठी मानानं अनेकवचन आलं, ते योग्यच. पण मग ‘शेजारची’ का? ‘शेजारच्या काकू चांगल्या आहेत’ किंवा ‘शेजारची काकू चांगली आहे, ती मला गूळ देते’. मान द्यायचा तर वाक्यभर द्यावा लागतो. आईला आपण ‘माझी आई चांगली आहे’ म्हणतो आणि मॅडमना ‘आमच्या मॅडम चांगल्या आहेत’. मूल ही दोन वाक्यं रोज बोलतं, तीच शेजारी शेजारी लिहून दाखवावीत.

चूक शेवटाची की नामाची?

आता मी तपासताना एक प्रश्न नेहमी विचारते. समजा मुलानं ‘मोठा पुस्तक’ लिहिलं. आपण ‘मोठे’ लिहून पुढे जातो. त्याऐवजी त्याला विचारा, “पुस्तक तो की ते?” ते ‘ते’ म्हणालं तर त्याला नाम माहीत आहे, शेवट जुळवायचा राहिला. त्याला जोडीचा ताल पुन्हा म्हणायला लावा. पण ते ‘तो पुस्तक’ म्हणालं, तर त्याच्या हिशोबानं त्याचा शेवट अगदी बरोबर आहे! त्याला नामाचं लिंग वेगळं माहीत आहे. त्याला विशेषणांचा सराव दिवसभर दिला तरी ‘मोठा पुस्तक’ जाणार नाही. त्याला नाम ऐकवायचं असतं, तेही ‘ते पुस्तक’ असं जोडीनं.

उदगीर-निलंग्याकडे काही घरांत कन्नड बोलतात, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू. कन्नडमध्ये ‘दोड्ड’ म्हणजे मोठा. मुलगा असो, मुलगी असो की घर, ‘दोड्ड’ तसंच राहतं. तेलुगूत ‘पेद्द’चंही तेच. घरच्या भाषेत विशेषण हलतच नाही, आणि घराला किंवा झाडाला तो-ती असं लिंगही नसतं. या मुलांना दोन गोष्टी एकदम शिकायच्या असतात. त्यांच्या वहीत सगळीकडे ‘मोठा’ दिसला तर त्याला आळस म्हणू नका. अशा मुलांसाठी मी भिंतीवर नवीन शब्द लिहिताना कधीच एकटा लिहीत नाही. ‘खिडकी’ नाही, ‘ती खिडकी’. ‘दार’ नाही, ‘ते दार’. ‘फळा’ नाही, ‘तो फळा’.

वहीत आता मी तीनच खुणा वापरते. ‘ना’ म्हणजे नामाचं लिंग चुकलं. ‘शे’ म्हणजे शेवट जुळला नाही, लिंगात किंवा वचनात. ‘या’ म्हणजे प्रत्ययाआधी ‘या’ राहिला. दुरुस्त शब्द मी लिहीत नाही, फक्त नामाखाली रेघ मारते आणि बाजूला खूण करते. मूल ते स्वतः लिहितं. यात वेळ जास्त जातो, हे खरं. चाळीस वह्या एका संध्याकाळी होत नाहीत. मी आता रोज दहाच वह्या घेते आणि त्यातला एकच परिच्छेद असा तपासते. महिन्याच्या शेवटी खुणा मोजल्या की कळतं, कुणाच्या वहीत ‘ना’ जास्त आहेत आणि कुणाच्या वहीत ‘या’. दोघांना वेगळा सराव लागतो, हे आधी मला दिसतच नव्हतं.

पालकांना एकच सांगते. घरी लेकरू ‘ते पाखरं उडाले’ म्हणालं तर टोकू नका. ती आपल्या भागाची बोली आहे आणि ती बोलायलाच आहे. लिहायला बसल्यावर मात्र विचारा, “एक पाखरू असतं तर तो, ती की ते?” पुढचं ते स्वतः करेल.

त्या मुलीच्या वहीतली माझी लाल काट मी तिच्यासमोरच खोडली, ‘पांढरी’ परत लिहिलं आणि खाली सही केली. मग तिलाच फळ्याजवळ बोलावून वर्गाला विचारायला सांगितलं. तिनं विचारलं, “एक वासरू, तो का ते?” वर्ग म्हणाला, “ते!” “मग लई वासरं?” तिथे मात्र अर्धा वर्ग ‘ते’ म्हणाला आणि अर्धा ‘ती’. आमचा पुढचा आठवडा त्या अर्ध्या वर्गासोबत गेला.